रात्रपाळीच्या मैत्रिणीची दिवसाची झोप मोडते तेव्हा : भेटवस्तू घेण्याआधी काय तपासावे

समस्या अशी आहे. माझी एक मैत्रीण नागपूरच्या धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातले दोन आठवडे तिला रात्री ८ ते सकाळी ८ अशी ड्युटी असते. गेली तीन वर्षे तिच्या वाढदिवसाला मी काहीतरी उपयोगाचे द्यायचे म्हणून खटपट करते आणि दरवर्षी ती वस्तू महिन्याभरात माळ्यावर जाते. आधी कॉफीचा मोठा मग आणि भारी कॉफीची बरणी दिली, मग सुगंधी मेणबत्त्या दिल्या, त्यानंतर उजेड अजिबात येऊ न देणारे जाड काळे पडदे शिवून दिले. तिची तक्रार मात्र तीच राहिली. “अगं, सव्वानऊला डोळा लागतो, पण बारा-एकला खाडकन जाग येते आणि मग काही केल्या झोप लागत नाही. संध्याकाळी डोकं जड घेऊनच निघते.”

यंदा मे महिन्यात मी वस्तू शोधणे थांबवले आणि आधी तिला एक वही दिली. सात दिवस फक्त दोन गोष्टी लिहायच्या होत्या : जाग किती वाजता आली, आणि डोळे उघडले त्या क्षणी सर्वांत आधी काय जाणवले. कशाने जाग आली असावी याचा तर्क तिने करायचा नव्हता. जाणवले तेवढेच टिपायचे होते, कारण तर्क करायला बसले की माणूस नेहमीच्याच कारणाकडे बोट दाखवतो, आणि तिचे नेहमीचे कारण होते “उजेड”.

वहीत सात दिवसांचे निघाले ते असे. चार दिवस जाग पाऊण ते सव्वा एकच्या दरम्यान आली होती आणि चारही दिवशी पुढे एकच शब्द होता : घाम. एका दिवशी अकरा पस्तीसला दाराची बेल वाजली होती. एका दिवशी अकरा दहाला फोन आला होता. उरलेल्या एका दिवशी बाराच्या सुमारास छातीत जळजळ होऊन ती उठून बसली होती. उजेड हा शब्द सात दिवसांत एकदाही आला नव्हता. म्हणजे मी शिवलेले पडदे ज्या दुखण्यावर होते, ते दुखणे तिला उन्हाळ्यात नव्हतेच.

बेलचे सांगायचे तर ती बेल माझ्यामुळेच वाजली होती. मैत्रिणीला अचानक आनंद द्यावा म्हणून मी मागवलेले एक पार्सल कुरिअरने थेट तिच्या घरी पाठवले होते आणि ते सकाळी साडेअकराला, म्हणजे तिच्या मध्यरात्री पोहोचले. रात्रपाळीच्या माणसाला भेट पाठवायची असेल तर ती स्वतःच्या पत्त्यावर मागवावी आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये हाताने नेऊन द्यावी. वाढदिवसाचा फोनही त्याच वेळेत करावा. या एका गोष्टीला पैसा लागत नाही आणि तिचा गुण मात्र लगेच दिसतो.

आता घामाचे चार दिवस. खरा दोष तिथेच होता आणि नागपुरातल्या बहुतेक घरांत तो तसाच सापडेल, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

तिच्या झोपण्याच्या खोलीत एसी नाही, खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पण हवा कोरडी असते, त्यामुळे ओल्या गवतातून किंवा वाळ्याच्या ताटीतून आत येणारी हवा बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंश थंड होऊन येते. कूलरचे सगळे काम पाण्याची वाफ होण्यावर चालते. टाकीतले पाणी संपले की तोच पंखा बाहेरची भट्टीसारखी हवा जशीच्या तशी अंगावर फेकू लागतो. तिच्या घरी सासरे सकाळी ६ वाजता कूलर भरत. टाकी साधारण ५५ लिटरची आहे, आणि नवतपाच्या दिवसांत ती पावणेएकच्या आसपास कोरडी पडत होती. म्हणजे तासाला सुमारे आठ लिटर पाणी उडत होते. वहीतली जागेची वेळ आणि टाकी संपण्याची वेळ यांत जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचे अंतर होते.

हे तपासायला सोपे आहे. सुटीच्या दिवशी कूलर काठोकाठ भरून वेळ लिहून ठेवावी आणि पंप कोरडा खडखडू लागेपर्यंत किती तास जातात ते मोजावे. मैत्रीण अंथरुणावर पडण्याआधीच त्यातले काही तास निघून गेलेले असतात, ते वजा करावेत. तिच्या बाबतीत सकाळी सहाला भरलेल्या टाकीतले सव्वातीन तास ती घरी येऊन झोपेपर्यंतच खर्च होत होते आणि तिच्या वाट्याला साडेतीन तास उरत होते. झोपही तेवढीच मिळत होती.

यावर भेट म्हणून मी जे दिले ते एखाद्या दुकानाच्या काचेआड सजवून ठेवण्यासारखे नव्हते. पाण्याचा फ्लोट, अर्धा इंची नळी, दोन क्लिपा आणि प्लंबरची मजुरी, एवढेच. फ्लोट म्हणजे घरावरच्या टाकीत असतो तसाच, पाणी ठराविक उंचीला आले की आपोआप नळ बंद करणारा गोळा. कंपनीच्या तयार प्लॅस्टिकच्या कूलरांना मागच्या बाजूला यासाठी तोंड बहुधा दिलेलेच असते, फक्त त्यावरचे टोपण कोणी काढलेले नसते. तेव्हा विकत घेण्याआधी कूलरच्या मागे एकदा वाकून पाहावे. पत्र्याच्या स्थानिक कूलरला मात्र भोक पाडून फ्लोट बसवावा लागतो. ते काम कूलर बंद करून, प्लग काढून आणि टाकी रिकामी करूनच करायचे असते. फ्लोट बसल्यावर प्लंबरसमोरच टाकी भरू द्यावी आणि गोळा वर आल्यावर नळी पूर्ण बंद होते का ते पाहावे. आपल्याकडच्या पाण्यातले क्षार साचून गोळा अडकतो. तो वर अडकला तर टाकी भरत नाही आणि खाली अडकला तर खोलीभर पाणी होते. महिन्यातून एकदा गोळ्याचा दांडा हाताने वर-खाली करून पाहिला तरी हे टळते, अर्थात तेव्हाही प्लग काढलेला हवा.

घरातल्यांनी एक शंका घेतली होती. दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी कढत येते, ते कूलरमध्ये गेले तर हवा गरम होणार नाही का? थेंबाथेंबाने मिसळणाऱ्या त्या पाण्याने फारसा फरक पडत नाही, कारण थंडावा पाणी गार असल्यामुळे येत नाही, त्याची वाफ होण्यामुळे येतो. गवत नीट भिजलेले असले म्हणजे पुरे.

फ्लोटचा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. रात्रभर जागलेली, अर्धवट झोपेतली व्यक्ती दुपारी एक वाजता ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून चालू कूलरमध्ये बादलीने पाणी ओतते, हे चित्रच भीतीदायक आहे. फ्लोटमुळे ते टळते. प्लंबरबरोबर इलेक्ट्रिशियनलाही बोलावून कूलरच्या पत्र्याला अर्थिंग आहे का, वायर सोललेली नाही ना आणि पाणबुड्या पंपाची केबल धड आहे का, हे पाहून घ्यावे. शक्य असेल तर त्या सर्किटवर करंट गळताच वीज तोडणारा ब्रेकर बसवून द्यावा. भेटीच्या पैशांतली ही रक्कम मी सर्वांत आधी बाजूला काढीन.

मग पडदे का फसले, हेही आता उलगडते. कूलर आत जेवढी हवा ढकलतो तेवढीच हवा खोलीबाहेर जायला वाट लागते. वाट नसेल तर खोलीत दमट हवा कोंडते, चादर ओलसर लागते, अंग चिकट होते आणि कूलर चालू असूनही घाम सुटतो. मी दिलेले जाड पडदे दुसऱ्या खिडकीच्या चौकटीला घट्ट बसवले होते आणि उजेड येऊ नये म्हणून तिने खोलीचे दारही लावून घेतले होते. हवेची एकुलती वाट आम्ही दोघींनी मिळून बंद केली होती. दोन दिवस तसे झोपून तिने पडदे काढून टाकले. मला वाईट वाटू नये म्हणून तिने ते वर्षभर सांगितले नाही.

हवेची वाट आहे की नाही हे पाहायला ओढणीचे टोक पुरते. कूलर पूर्ण वेगाने चालू करून ते टोक दाराच्या किंवा दुसऱ्या खिडकीच्या फटीशी धरावे. ते बाहेरच्या दिशेने ताणले गेले पाहिजे. नुसते लोंबत राहिले तर वाट कमी पडते आहे. तिच्या खोलीत दार वीतभर उघडे ठेवून त्यावर साधा सुती पडदा सोडला आणि दुसऱ्या खिडकीचे एक दार उघडून तिथला जाड पडदा चौकटीपासून चार बोटे पुढे येईल असा लांब ब्रॅकेटच्या दांडीवर अडकवला. पडदा खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त रुंद असल्यामुळे थेट ऊन आत येत नाही आणि मागून हवा निघून जाते. कूलर आणि खिडकीच्या चौकटीमधल्या फटीतून उन्हाची जी पट्टी उशीवर पडत असे, ती प्लायवुडची पट्टी कापून बुजवली.

एवढे करूनही खोलीत मंद उजेड राहतोच, आणि तो राहू द्यावा लागतो. त्यासाठी डोळ्यांवर बांधायची पट्टी हवी. कूलरच्या खोलीत पडद्यापेक्षा पट्टी सरस, असे माझे आता स्पष्ट मत आहे, कारण ती हवा न अडवता उजेड अडवते. सपाट सॅटिनची पट्टी घेऊ नये. ती पापण्यांवर दाबते आणि कुशीवर वळले की सरकते. डोळ्यांच्या जागी वाटीसारखा खोलगट उंचवटा असलेली, आतून सुती कापडाची आणि रुंद इलास्टिकची पट्टी घ्यावी. दुकानातच ती बांधून भर उजेडात खाली नाकाच्या दिशेने पाहावे. नाकाच्या दोन्ही बाजूंनी उजेड झिरपत असेल तर ती नको. आणि एक न देता दोन द्याव्यात. मे महिन्यात पट्टी एका झोपेत घामाने भिजते, आणि धुतलेली दुसरी हाताशी नसेल तर तिसऱ्या दिवशी ती उशीखालून परत येत नाही.

कानात घालायचे बोळे मी घेणार होते, पण वहीत भाजीवाल्याची हाक किंवा शेजारचा बोअर यांचा उल्लेखच नव्हता. कूलरची एकसारखी घरघर त्या आवाजांना आपोआप झाकते. वीज गेली की तेच उलटे होते : घरघर अचानक थांबते आणि त्या शांततेनेच जाग येते. त्यावर माझ्याकडे भेट म्हणून देण्याजोगा उपाय नाही. बेलसाठी मात्र इलेक्ट्रिशियनकडून बेलच्या तारेत एक छोटा स्विच बसवून घेतला. ती झोपताना तो बंद करते आणि दारावर एक पाटी अडकवते : “रात्रपाळी. कृपया पाचनंतर.” फोनवर व्यत्यय नको ही सोय लावून सासूबाई, नवरा आणि मुलाची शाळा एवढ्या तिघांचेच फोन वाजतील असे ठरवले. वॉर्डातल्या सिस्टर अडल्या तर त्यांनी लागोपाठ दोनदा फोन करावा, दुसरा कॉल वाजतो, हे त्यांनाही सांगून ठेवले.

उरला तो जळजळीचा एक दिवस. तो एकच असला तरी त्यामागे रात्रभराच्या खाण्यापिण्याचे गणित होते.

ती संध्याकाळी सहाला घरी थोडे खाऊन, डबा घेऊन निघते. डबा उघडायला रात्रीचा एक वाजतो. म्हणजे सहा वाजता भरलेला वरण-भात सात तासांनी खाल्ला जातो. मे महिन्यात साध्या स्टीलच्या डब्यात तो तोवर कोमट राहतो, आणि कोमट हीच सर्वांत वाईट अवस्था, कारण शिजलेल्या भातात टिकून राहिलेले जंतूंचे बीज त्याच उबेत वाढते आणि त्यांनी तयार केलेले काही विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे बऱ्याचदा ती डबा वास घेऊन बाजूला ठेवते, रात्रभर बिस्किटे आणि चहावर काढते आणि सकाळी भुकेने व्याकूळ होऊन नाक्यावर तर्री-पोहे खाते. सव्वाआठला तिखट, तेलकट तर्री आणि सव्वानऊला आडवे पडणे, मग बाराला छातीत आग होणारच. तर्री-पोह्यांवर माझाही जीव आहे, पण ते झोपून उठल्यावर संध्याकाळी खावेत.

इथे भेट आहे ती डब्याचीच, पण कोणता डबा हे महत्त्वाचे. बाहेरून प्लॅस्टिकचे आवरण आणि आत स्टीलचे तीन डबे असे जे टिफिन मिळतात ते अन्न साधारण तीन-चार तास बरे गरम ठेवतात. ऑफिसच्या दुपारच्या जेवणाला ते ठीक आहेत. सात तासांसाठी दुहेरी भिंतीचा, मधली हवा काढून घेतलेला, रुंद तोंडाचा थर्मासचा डबा लागतो. एका माणसाला ५०० मिलिलिटरचा पुरतो. त्याहून मोठा घेतला आणि अर्धा भरला तर रिकाम्या जागेमुळे अन्न लवकर निवते.

डबा देण्याआधी मी घरी त्याची परीक्षा घेतली. संध्याकाळी सहाला उकळते पाणी काठोकाठ भरून झाकण लावले आणि रात्री एकला स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने पाहिले. अन्न सुरक्षित राहायला तिथे किमान ६० अंश सेल्सिअस हवेत. थर्मामीटर नसेल तर चमच्याने थोडे पाणी वाटीत काढून बोट बुडवून पाहावे. बोट लगेच मागे घ्यावे लागले तर डबा बहुधा कामाचा आहे, बोट सहज बुडवून ठेवता आले तर परत करावा. पाणी अन्नापेक्षा उष्णता जास्त धरून ठेवते, म्हणून परीक्षेत जेमतेम ६० आलेला डबाही मी परत केला असता. माझ्या डब्यात ६७ निघाले.

वापरण्याची रीत डब्यासोबत चिठ्ठीवर लिहून दिली, कारण ती पाळली नाही तर चांगला डबाही फसतो. भरण्याआधी डब्यात उकळते पाणी घालून दहा मिनिटे झाकून ठेवायचे, ते ओतून द्यायचे आणि लगेच गॅसवरून उतरलेले वाफाळते अन्न काठापर्यंत भरायचे. सैलसर मुगाची खिचडी, दलिया, भाज्या घातलेले वरण किंवा पातळ पिठले, असे ओलसर पदार्थ यात उत्तम राहतात. पोळी आत घालू नये, ती घाम धरते. पोळी सुती कापडात गुंडाळून वेगळी न्यावी. दही, कच्चा कांदा-कोथिंबीर आणि ओले खोबरे रात्री एकच्या डब्यासाठी नकोतच.

रात्रीचे जेवण लहान का असावे, हे मला तिच्याच वॉर्डातल्या एका ज्येष्ठ सिस्टरने समजावून सांगितले. रात्री शरीर साखर दिवसाइतक्या चपळाईने हाताळत नाही, पोटाचे कामही मंदावलेले असते, त्यामुळे तेवढेच जेवण रात्री दोनला अंगावर येते. म्हणून मुख्य जेवण ड्युटीवर निघण्याआधी घरी, एकच्या सुमारास ही ५०० मिलिलिटर खिचडी आणि पहाटे चारच्या मरगळीला मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा एक केळे, अशी वाटणी तिने केली. सकाळी घरी आल्यावर ती अर्धी वाटी साधे पोहे किंवा कपभर दूध घेते. अगदी रिकाम्या पोटीही झोप मोडते, म्हणून हा शेवटचा घास वगळू नये.

चहाचा प्रश्न अधिक नाजूक होता. पहाटे साडेपाचला सगळ्या सिस्टर मिळून चहा घेतात. रात्रभराच्या धावपळीनंतर तेवढीच बसायची वेळ असते आणि त्यात कोणाला नको म्हणणे जड जाते. पण चहा-कॉफीतले कॅफीन शरीरातून निम्मे व्हायलाच साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. म्हणजे साडेपाचच्या कपातले निम्मे कॅफीन साडेदहालाही अंगात असते. त्याने झोप लागत नाही असे नाही, ती उथळ लागते आणि मग घामासारख्या लहान कारणाने मोडते. म्हणून मी दिलेली कॉफीची बरणी ही सर्वांत चुकीची भेट होती असे मला वाटते. त्याऐवजी ३५० मिलिलिटरचा छोटा थर्मास दिला. त्यात घरचा दोन कप चहा बसतो. पहिला कप दहाला, दुसरा दोनच्या आत, आणि साडेपाचला ती त्याच मंडळीत बसून सुंठ-गवती चहाचा बिनपत्तीचा काढा पिते. बसायचे सुख जात नाही. ग्रीन टी देताना मात्र जपावे, त्यातही कॅफीन असतेच.

घरी परत येण्याबद्दल थोडेसे. सकाळी आठला डोळ्यांवर पडणारे ऊन शरीराला दिवस उजाडल्याची वर्दी देते आणि झोप पुढे ढकलते, म्हणून गडद चष्मा उपयोगी पडतो. पण रात्रभर जागून स्वतः स्कूटर चालवणाऱ्या व्यक्तीला तो देऊ नये. डोळ्यांवरचा उजेड कमी झाला की पेंग वाढते, आणि वर्धा रोडवर ती परवडणारी नाही. आधी मी मेट्रोच्या कार्डात पैसे भरून ते दिले. काँग्रेसनगर ते जयप्रकाशनगर ही ऑरेंज मार्गावरची अवघी काही स्थानके आहेत, आणि ती आता सकाळी मेट्रोनेच येते. चष्मा त्यानंतर दिला.

तुमची मैत्रीण किंवा मित्र कॉल सेंटरमध्ये असेल तर काही गोष्टी बदलतील. अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी मंडळी बहुधा पहाटे चार-साडेचारला कॅबने घरी पोहोचतात, तेव्हा बाहेर अंधार असतो. त्यांचा शत्रू सकाळी सहानंतरचे तिरपे ऊन आणि घरातल्यांची सकाळची लगबग हा असतो. खोलीत एसी असेल तर हवेच्या वाटेचा प्रश्नच येत नाही आणि चौकटीला चिकटलेले जाड पडदे हीच उत्तम भेट ठरते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर सरकते आणि त्यांची पाळीही सरकते, तेव्हा त्या दोन आठवड्यांत झोप बिघडली तर पडद्याला दोष देऊ नये. हेडसेट लावून बोलणाऱ्या माणसाचा घसा सुकतो, त्याला पाण्याची बाटली हवी असते. बाकी वही सात दिवस भरून घेणे मात्र तसेच.

झोपेच्या गोळ्या किंवा झोप आणणारी म्हणून मिळणारी औषधे भेट म्हणून देऊ नयेत, मग ती कितीही साधी म्हणून विकली जात असोत. हे सगळे करूनही सुटीच्या रात्रीसुद्धा झोप लागत नसेल, झोपेत घोरणे आणि श्वास अडकणे होत असेल किंवा वाहन चालवताना डुलकी येत असेल, तर वस्तू शोधणे सोडून तिला डॉक्टरांकडे घेऊन जावे.

दुसऱ्या आठवड्याची वही तिने स्वतःहून भरून दाखवली. सातपैकी पाच दिवस ती सव्वानऊ ते पावणेतीनपर्यंत सलग झोपली होती, म्हणजे साडेतीन तासांचे साडेपाच झाले होते. संध्याकाळी निघण्याआधी ती आता वीस मिनिटे आडवी होते. उरलेल्या दोन दिवशी एकदा वीज गेली होती आणि एकदा लग्नाची वरात दारावरून गेली होती. दिवसाची झोप रात्रीइतकी लांब होत नाही, शरीराचे घड्याळ ती आखडतेच, त्यामुळे आठ तासांची अपेक्षा आम्ही धरलेली नाही.

मृगाचा पाऊस सुरू झाला की या सगळ्यातला कूलरचा भाग संपतो. हवेत आधीच ओल असल्याने पाणी उडत नाही आणि कूलर फक्त खोली दमट करतो. तेव्हा फ्लोटकडे येणारा नळ बंद करायचा, टाकी उपसून कोरडी करायची आणि पुढच्या मोसमासाठी गवत काढून टाकायचे. उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासावी लागते, कारण फ्लोटमुळे पाणी कधीच संपत नाही आणि डेंग्यूच्या डासाला साठलेले स्वच्छ पाणीच लागते. ते काम रविवारी सकाळी तिचे सासरे करतात, प्लग काढून आणि ती ड्युटीवरून परत येण्याआधी.